टिश्यू, थर्माकोल, चिनी माती आणि चकाकणारी वेष्टने: कोणती वस्तू कोणत्या डब्यात? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजीची देठे ओल्या कचऱ्यात आणि वर्तमानपत्र सुक्या कचऱ्यात, एवढे आता बहुतेक घरांत ठाऊक झाले आहे. अडचण येते ती दिसते एक आणि असते दुसरेच अशा वस्तूंपाशी. सकाळी कचऱ्याची गाडी दाराशी उभी असताना या वस्तू हातात धरून माणूस क्षणभर थबकतो आणि मग जो डबा जवळ असेल त्यात त्या टाकून मोकळा होतो. पुढील प्रश्न अशाच वस्तूंविषयी आहेत.

एखादी वस्तू कोणत्या डब्यात जाणार हे कशावरून ठरते? ती कशाची बनली आहे यावरून का?

केवळ त्यावरून नाही. टिश्यू कागदाचाच असतो, पण रद्दीत चालत नाही, आणि चिप्सचे पाकीट धातूसारखे चमकते, पण धातू म्हणून कोणी विकत घेत नाही. वस्तू आपल्या हातून सुटल्यावर तिचे पुढे काय होणार, हे पाहिले की उत्तर सहसा सापडते. ओला कचरा खत होण्यासाठी जातो, म्हणून त्यात फक्त काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कुजून मातीसारखे होणारे पदार्थच जावेत. सुका कचरा कोणीतरी हाताने निवडतो, त्यातले विकाऊ वेगळे काढतो आणि उरलेले जाळण्याजोगे असेल तर इंधन म्हणून पाठवतो. ज्याने त्या निवडणाऱ्या हातांना इजा किंवा संसर्ग होऊ शकतो, ते तिसऱ्या वाटेने गेले पाहिजे.

खताची एक मर्यादा येथेच सांगून ठेवावी, कारण पुढची अनेक उत्तरे तिच्यावर उभी आहेत. विक्रीसाठीच्या शहरी कंपोस्ट खताचा किमान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडला पाहिजे, असे केंद्र सरकारच्या खत नियंत्रण आदेशातील मानक आहे. चाळणी मोठे तुकडे अडवते, परंतु त्याहून बारीक कण खतासोबत खाली उतरतात. म्हणजे ओल्या डब्यात गेलेली अख्खी वाटी पुढे कोणी तरी वेचून काढू शकेल, पण त्याच वाटीचा चुरा थेट शेतापर्यंत पोहोचतो.

डबे दोन ठेवायचे की चार? दरवेळी वेगळेच सांगितले जाते.

हा गोंधळ नियम बदलल्यामुळे झाला आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले होते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून सुक्या डब्यात ठेवावेत, असेही त्याच नियमांत म्हटले होते. म्हणून शेजारच्या काकू आजही पॅड सुक्यात सांगत असतील, तर त्यांचे सांगणे जुन्या नियमाला धरूनच आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी चार भाग ठरवले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याजोगा. रंगाचे रिकामे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर आणि औषधे या चौथ्या भागात येतात.

घरात चार मोठे डबे ठेवायलाच हवेत असे नाही. ओला आणि सुका हे दोन डबे रोजच भरतात. सॅनिटरी कचऱ्यासाठी न्हाणीघरात झाकणाचे एक छोटे भांडे पुरते, आणि विशेष काळजीच्या वस्तूंसाठी माळ्यावर किंवा बाल्कनीत एखादे जुने खोके ठेवले तर ते भरायला कित्येक महिने लागतात.

टिश्यू कागदाचाच असतो ना? मग तो रद्दीत का चालत नाही?

कागद म्हणजे लाकडाच्या किंवा इतर वनस्पतींच्या तंतूंचे जाळे असते. कागद पुन्हा लगद्यात घालून नवा कागद केला की प्रत्येक फेरीत हे तंतू तुटून आखूड होत जातात आणि काही फेऱ्यांनंतर त्यांच्यात एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद राहत नाही. टिश्यू अनेकदा अशा आखूड तंतूंचाच बनलेला असतो, त्यामुळे त्याची पुढची फेरी जवळपास संपलेली असते. शिवाय वापरलेला टिश्यू ओला, तेलकट किंवा हळदीने माखलेला असतो. तो वह्या आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गेला तर तेल आजूबाजूच्या कोरड्या कागदात उतरते आणि त्या गठ्ठ्याचा भाव पडतो. कबाडीवाला गठ्ठा उघडून पाहतो तो याचसाठी.

न वापरलेला, कोरडा टिश्यूसुद्धा रद्दीत घालण्यात फारसा अर्थ नाही. त्याचा उपयोग टेबल पुसण्यासाठी करावा आणि मग तो ओल्या कचऱ्यात टाकावा.

म्हणजे सगळे वापरलेले टिश्यू ओल्या कचऱ्यात टाकायचे का?

सगळे नाहीत. त्या टिश्यूने काय पुसले, हे येथे महत्त्वाचे ठरते. जेवणानंतर हात-तोंड पुसलेला, सांडलेला चहा टिपलेला किंवा तळणातले तेल शोषून घेतलेला टिश्यू ओल्या कचऱ्यातच जावा. तो उष्ट्या अन्नाबरोबर सहज कुजतो.

सर्दीत नाक पुसलेला, थुंकी लागलेला किंवा जखमेवरचे रक्त टिपलेला टिश्यू हाही कुजणाराच असतो, तरी तो कागदात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यात ठेवावा असे आमचे मत आहे. ओला कचराही वाटेत कुठे ना कुठे हाताने चाळला जातो, आणि चाळणाऱ्याच्या हातात दरवेळी मोजे असतीलच असे नाही. घरात क्षयरोग किंवा तत्सम आजाराचा रुग्ण असेल, तर हे केवळ मत राहत नाही आणि त्यात तडजोडही करू नये.

तिसरा प्रकार कमी आढळतो, पण लक्षात ठेवण्याजोगा आहे. नेलपॉलिश काढण्याचा द्रव, रॉकेल, टर्पेंटाइन किंवा रंग पुसलेला टिश्यू ओल्यात टाकला तर ते रसायन खतात जाते आणि सुक्यात टाकला तर शेजारचा कागद खराब होतो. त्याची जागा विशेष काळजीच्या खोक्यात आहे.

हॉटेलात पाकिटात मिळणारा सुगंधी ओला टिश्यू आणि बाळासाठीचे वाइप्स यांचे काय?

हे हाताला टिश्यूसारखे लागतात, परंतु अनेकदा त्यांत पॉलिएस्टरचे, म्हणजे प्लास्टिकचेच, तंतू मिसळलेले असतात. ओळखण्याची एक सोपी रीत आहे. काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात एक साधा पेपर नॅपकिन आणि एक वाइप टाकावा, झाकण लावावे आणि बरणी मिनिटभर जोरात हलवावी. नॅपकिनचा लगदा होऊन पाणी गढूळ दिसेल, तर वाइप जसाच्या तसा तरंगत राहील. जो पाण्यात विरघळत नाही, तो कुजेल असे धरून चालू नये. एखादा वाइप संपूर्ण वनस्पतीजन्य तंतूंचा असूनही टिकू शकतो, पण वेष्टनावर तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर त्याला प्लास्टिकच समजावे. अंग पुसलेले वाइप्स सॅनिटरी कचऱ्यात जातात. ते शौचालयात टाकून पाणी ओढण्याची सवय मात्र थांबवायला हवी, कारण ड्रेनेजच्या पाइपात तेलाचा थर या वाइप्सनाच धरून साचत जातो. हाच प्रयोग किचन टॉवेलवर केला तर तो नॅपकिनपेक्षा बराच जास्त वेळ टिकेल. त्यात ओलेपणी न फाटण्यासाठी राळ मिसळलेली असते. तरीही तो ओल्या कचऱ्यात चालतो, फक्त कुजायला थोडा अधिक वेळ घेतो.

आम्ही गच्चीवर खत करतो. त्यात टिश्यू घातले तर चालतील का?

चालतील, किंबहुना त्यांचा उपयोगच होतो. स्वयंपाकघरातला कचरा फार ओला असतो, आणि वाळलेली पाने संपली की त्याला कोरड्या, कार्बनयुक्त पदार्थाची जोड लागते. टिश्यू फाडून मूठभर घातले तर ते ओल शोषून घेतात आणि दुर्गंधी कमी होते. अख्खे गोळे टाकले तर ते आतून कोरडेच राहतात. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरचा खताचा डबा वरून पूर्ण वाळून जातो, आणि तेव्हा टिश्यू आठवडेच्या आठवडे तसेच पांढरे दिसतात. त्या दिवसांत डबा सावलीत घ्यावा आणि पाण्याचा हलका शिपका देत राहावे.

चांदीसारखे चमकणारे वेष्टन फॉइल आहे की प्लास्टिक, हे कसे ओळखावे?

मुठीत घट्ट चुरगाळावे आणि सोडून द्यावे. चुरगाळलेला आकार तसाच राहिला तर ती ॲल्युमिनियमची फॉइल आहे. हळूहळू उलगडून पुन्हा पसरले तर ते प्लास्टिक आहे, ज्यावर ॲल्युमिनियमचा केवळ वर्ख चढवलेला असतो. पोळ्या गुंडाळण्याची घरगुती फॉइल साधारण १० ते १८ मायक्रॉन जाडीची असते. चिप्सच्या पाकिटावरचा ॲल्युमिनियमचा थर मात्र एका मायक्रॉनच्याही लहानशा अंशाइतका पातळ असतो, इतका की तो वेगळा काढण्याचा खर्च त्या धातूच्या किमतीहून कितीतरी अधिक होतो. म्हणून पहिल्याला भंगारात किंमत आहे आणि दुसऱ्याला नाही.

फॉइल सुक्या कचऱ्यात टाकताना काही काळजी घ्यावी का?

दोन गोष्टी कराव्यात. अन्न पुसून काढावे, आणि तुकडे साठवून त्यांचा मुठीएवढा घट्ट गोळा करावा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण सुटी पातळ फॉइल भट्टीत वितळण्याआधीच पृष्ठभागावर हवेशी संयोग पावते आणि तिचा बराचसा भाग राख होऊन वाया जातो. गोळ्यात हवेला उघडा पृष्ठभाग कमी राहतो, त्यामुळे धातू अधिक मिळतो. त्याहून व्यावहारिक कारण असे की फॉइलचा सुटा कपटा निवडणाऱ्याच्या नजरेतून निसटतो, गोळा निसटत नाही.

चिप्स, बिस्किटे, वेफर्स यांची पाकिटे कोणी विकत घेत नाही, तर ती सुक्यात टाकून काय उपयोग?

उपयोग आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवून बनवलेली ही पाकिटे पुन्हा प्लास्टिक म्हणून वापरता येत नाहीत, कारण प्रत्येक थर वेगळ्या तापमानाला वितळतो. ती कोरडी आणि स्वच्छ मिळाली तर सिमेंटच्या भट्टीत कोळशाच्या जोडीला जाळता येतात. त्या भट्टीत कच्चा माल सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापतो आणि राखही सिमेंटमध्येच मुरते. सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आपल्यापासून फार दूर नाहीत. हे पुनर्वापराइतके चांगले नाही, परंतु भांडेवाडीच्या ढिगात पडून राहण्यापेक्षा किंवा कोपऱ्यावर शेकोटीत धुमसण्यापेक्षा निश्चितच बरे आहे. ओली, तर्रीने माखलेली पाकिटे मात्र इंधन म्हणूनही नाकारली जातात.

पाकीट उघडताना कोपरा कापून वेगळा करू नये. दुधाच्या पिशवीचेही तसेच. पिशवी सुक्या डब्यात जाते आणि कोपरा मात्र ओट्यावरून केरात, केरातून ओल्या डब्यात आणि तिथून त्या ४ मिलिमीटरच्या चाळणीकडे जातो.

विदर्भातला म्हणून खर्र्याच्या पन्नीचाही उल्लेख करायला हवा. ती पातळ प्लास्टिकचीच असते, तिला सुपारी-तंबाखूचे अवशेष चिकटलेले असतात आणि ती सहसा डब्यापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचलीच, तर झटकून सुक्यात टाकावी.

लग्नातले चंदेरी द्रोण आणि पत्रावळी ओल्या कचऱ्यात जातात का? त्या कागदाच्याच आहेत असे विक्रेते सांगतात.

विक्रेत्यांचे म्हणणे अर्धे खरे असते. मागची बाजू कागदाची असते, पण समोर चकाकणारा थर वर्ख चढवलेल्या प्लास्टिकचा असतो. काठापाशी तिरपे फाडून पाहिले तर कागद तुटतो आणि चंदेरी पापुद्रा ताणला जाऊन अलग निघतो. अशी पत्रावळ खताच्या ढिगात गेली तर कागद कुजतो आणि पापुद्र्याच्या चिंध्या मागे उरतात. ती अन्न झटकून सुक्यात टाकावी, जरी तिथेही तिला फारसे गिऱ्हाईक नाही. पळसाच्या पानांची पत्रावळ मात्र उष्ट्यासकट ओल्यात जाते, आणि घरातले कार्य असेल तर तिचीच मागणी करावी. टाचण्या म्हणून वापरलेल्या काड्याही कुजतात.

रविवारी सावजीचे पार्सल आणले. त्यात सगळेच मिसळलेले असते. ते वेगळे कसे करायचे?

हे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण एकाच पिशवीत जवळपास सगळे घोळ सापडतात. समजा, रश्शाचा एक ॲल्युमिनियमचा डबा, त्यावर आतून चंदेरी असलेले पुठ्ठ्याचे झाकण, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या पोळ्या, कांदा-लिंबाची लहान पन्नी, चार-पाच टिश्यू, एक रबर आणि बाहेरची पिशवी असा ऐवज आहे.

जेवण संपल्यावर आधी हाडे, लिंबाच्या फोडी आणि उरलेला कांदा ओल्या डब्यात जातो. हाडे हळू कुजतात, तरी महापालिकेला द्यायच्या ओल्या कचऱ्यात ती चालतात. गच्चीवरच्या खतात मात्र घालू नयेत, मांजरे आणि उंदीर येतात. मग टिश्यू हातात घ्यावेत. त्यांनी हात पुसून झालेच आहेत, आता त्याच टिश्यूंनी ॲल्युमिनियमच्या डब्यातली तर्री पुसून घ्यावी. सावजीत तेल इतके असते की डबा थेट मोरीत धुतला तर ते थंड होऊन नळीत चिकटते. तेल पुसलेले टिश्यू ओल्यात गेले की डबा भांडी विसळून झालेल्या पाण्यातच एकदा हिसळावा. यासाठी नळाचे ताजे पाणी वाया घालवण्याची गरज नाही, कारण डबा लखलखीत व्हायला नको, त्यावर मुंग्या आणि वास येऊ नये इतपत साफ झाला की पुरे. कोरडा झाल्यावर तो चेपून सुक्यात टाकावा आणि पोळ्यांची फॉइल त्याच्याच आत दाबून द्यावी, म्हणजे वेगळा गोळा करावा लागत नाही.

झाकणापाशी बहुतेक जण चुकतात. बाहेरून पुठ्ठा दिसतो म्हणून ते रद्दीत जाते, किंवा तेल लागले म्हणून ओल्यात. ते पुठ्ठा आणि चंदेरी थर यांचा जोड आहे, म्हणून रद्दीच्या गठ्ठ्यात न घालता सुट्या सुक्या कचऱ्यात टाकावे. लहान पन्नी रिकामी करून सुक्यात जाते, पण ती सुटी न टाकता मोठ्या पिशवीत भरावी. रबर स्वयंपाकघराच्या खुंटीवर जातो. ही सारी खटपट पाच मिनिटांहून अधिक वेळ घेत नाही, फक्त ती जेवल्याबरोबर करावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल घट्ट बसलेले असते आणि तेव्हा गाठ मारून सगळे एकत्र फेकण्याचा मोह आवरत नाही.

औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप कुठे टाकाव्यात?

रिकाम्या स्ट्रिप सुक्यात टाकाव्यात. मुदत संपलेली गोळी आत असेल तर ती स्ट्रिप विशेष काळजीच्या खोक्यात ठेवावी. गोळ्या मोरीत विरघळवू नयेत.

थर्माकोल प्लास्टिकच आहे, तर कबाडीवाला तो का घेत नाही?

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन. त्याच्या आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग हवा असते, आणि कबाडीवाला हवेचे पैसे देऊ शकत नाही. हिशोब करून पाहू. पॅकिंगच्या थर्माकोलचे वजन एका घनमीटरला २० किलो धरले आणि नव्या फ्रिजसोबत आलेले सगळे ठोकळे मिळून ८० लिटर जागा व्यापत असतील, तर त्यांचे एकूण वजन १ किलो ६०० ग्रॅम भरते. घनमीटरभर जागेची हातगाडी गच्च भरली तरी तिच्यात २० किलोच माल बसतो. त्याच गाडीत चपटी केलेली खोकी ठेवली तर वजन कित्येक पटींनी वाढते. दिवसभर उन्हात गाडी ढकलणाऱ्याने थर्माकोल नाकारला तर त्यात त्याचा आडमुठेपणा नाही. यंत्राने दाबून त्याच्या विटा करता आल्या तर तो वितळवून पुन्हा वापरता येतो, पण ती सोय कबाड्याच्या दुकानात नसते.

घरातून तो सुका कचरा म्हणूनच द्यावा, शक्य तितका अखंड आणि कोरडा. चिकटपट्ट्या काढून टाकाव्यात. त्याहून चांगला उपाय खरेदीच्या दिवशीच असतो. फ्रिज किंवा टीव्ही पोहोचवायला आलेल्या माणसांना खोके आणि थर्माकोल परत नेण्याची विनंती करावी. गाडी तशीही रिकामी परतत असते आणि अनेकदा ते नेतात.

थर्माकोलवर तर बंदी आहे. मग तो घरात येतोच कसा?

बंदी सरसकट नाही. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटे, वाट्या, पेले आणि सजावटीचे साहित्य यांवर बंदी आणली, आणि पहिल्या गुन्ह्यासाठी ५,००० रुपये दंड ठेवला. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल वापराच्या प्लास्टिकबंदीतही सजावटीचा थर्माकोल आहे. उपकरणांच्या पॅकिंगचा थर्माकोल मात्र येतच राहतो. माळ्यावर गणपतीचे जुने थर्माकोलचे मखर पडून असेल, तर ते फेकण्याची घाई न करता जपून वापरावे किंवा सुक्या कचऱ्यात सलग द्यावे.

तुकडे करून पिशवीत भरला तर जागा कमी लागते. तसे करावे का?

मोठे तुकडे सुरीने कापले तर हरकत नाही, पण हाताने मोडू नये. हाताने मोडताना त्याचे मणी सुटतात, स्थिर विजेने हाताला आणि फरशीला चिकटतात आणि झाडूने गोळा केले की केरातून ओल्या डब्यात पोहोचतात. बरेचसे मणी काही मिलिमीटरचेच असल्यामुळे खताच्या चाळणीतून सुटतात. अंगणात जाळणे त्याहून वाईट. त्यातून काळी काजळी आणि स्टायरिनची वाफ निघते. पेट्रोलमध्ये विरघळवून डिंक करण्याची युक्ती मोबाइलवर फिरत असते. थर्माकोल त्यात खरोखर विरघळतो आणि इवलासा होतो, पण मग घरात पेट पकडणारा चिकट गोळा उरतो, जो कोणत्याही डब्यात टाकता येत नाही.

फुटलेला कप किंवा चिनी मातीची बरणी काचेबरोबर टाकावी का?

नाही, आणि हे या यादीतले सर्वांत उलटे वाटणारे उत्तर आहे. काचेच्या बाटल्या फोडून, सुमारे १,५०० अंशांच्या भट्टीत वितळवून पुन्हा बाटल्या होतात. चिनी माती मुळात भाजून पक्की झालेली असते आणि त्या उष्णतेतही काचेत एकजीव होत नाही. तिचा कण नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो आणि बाटली नेमकी तिथून तडकते. ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडीही याच कारणाने साध्या काचेत चालत नाहीत, कारण त्यांचे वितळण्याचे तापमान वेगळे असते.

चिनी माती कुजत नाही, वितळत नाही आणि जळतही नाही. म्हणून फुटलेले तुकडे जाड कागदात किंवा जुन्या खोक्यात बांधून, वर ‘फुटलेली भांडी’ असे ठळक लिहून सुक्या कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाच्या हाती द्यावेत. त्यांचा शेवट भराव म्हणूनच होणार आहे, बांधायचे ते केवळ वाटेतले हात कापू नयेत म्हणून. तडा न गेलेली लोणच्याची बरणी कचरा नव्हे, तिला घेणारे घर सहज सापडते.

कमोड, वॉशबेसिन आणि टाइल्सचे तुकडेही असेच द्यावेत का?

नाही. तो बांधकामाचा मलबा आहे आणि रोजच्या गाडीत चालत नाही. ठेकेदाराशी बोलणी करतानाच मलबा उचलण्याची जबाबदारी आणि खर्च ठरवून घ्यावा आणि आपल्या भागातल्या झोन कार्यालयाला कळवावे. काम संपल्यावर हा विषय काढला तर ढीग कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन पडतो.

मातीच्या पणत्या आणि चहाचे कुल्हड तर मातीच आहेत. ते ओल्यात चालतील ना?

माती एकदा भाजली की पुन्हा माती होत नाही, म्हणून ते ओल्यात चालत नाहीत. कुंडीच्या तळाचे भोक झाकायला खापरी वापरावी, उरलेल्या वरीलप्रमाणे बांधून द्याव्यात. पणतीतली वात कापसाची असते, ती ओल्यात जाते.

उन्हाळा संपल्यावर कूलरची खस आणि वूडवूल कुठे टाकायचे?

हा प्रश्न जून उजाडला की घरोघरी निघतो. वाळा आणि वूडवूल हे दोन्ही कुजणारे आहेत, पण ते सहसा नायलॉनच्या जाळीत शिवलेले असतात. जाळी कापून सुक्यात टाकावी आणि आतले गवत बागेच्या कचऱ्यासोबत वेगळे द्यावे. हंगामभर पाण्यातले क्षार बसून ते कडक होते आणि त्याला बुरशीही लागते, म्हणून ते काढताना नाकाला रुमाल बांधावा. मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसणारे तपकिरी पॅड कागदाचेच असले तरी त्यांत पाण्यात टिकण्यासाठी राळ मुरवलेली असते, म्हणून ते पूर्ण वाळवून सुक्यात द्यावेत.

आमच्याकडे येणाऱ्या गाडीत दोनच कप्पे आहेत. सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा कुठे ठेवायचा?

कप्पे दोन असले तरी पुडकी वेगळी असू शकतात. सॅनिटरी कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल खूण करावी आणि डब्यात न सोडता गाडीवरच्या माणसाला दाखवून हाती द्यावा. विशेष काळजीचे खोके रोज बाहेर काढू नये. ते भरत आले की झोन कार्यालयात चौकशी करून, ते जिथे सांगतील तिथे पोहोचवावे, आणि तोवर त्यावर झाकण व मुलांच्या हाती न लागेल इतकी उंची असावी.